अंगठ्याचे सांधे दुखणाऱ्या मैत्रिणीला साठीची भेट : नेमकं काय द्यावं?

शुभांगी_प

नमस्कार मंडळी. माझी शाळेपासूनची मैत्रीण पुढच्या महिन्यात साठीची होतेय. ती इंदिरानगरला राहते, मी गंगापूर रोडला. दोन्ही हातांच्या अंगठ्यांच्या मुळाशी, मनगटाजवळ, तिला फार दुखतं. उजव्या हाताला जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांधा झिजलाय असं सांगितलं. गोळ्या जेवढ्यास तेवढ्या घेते, पण स्वयंपाक सोडायला तयार नाही. तिच्या हातची पुरणपोळी आमच्या ग्रुपमध्ये प्रसिद्ध आहे आणि तिला ती स्वतःच करायची असते.

आम्ही चौघी मैत्रिणी मिळून तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. साडी, चांदीचं नाणं वगैरे नकोय. रोज हाताशी राहील आणि हाताला आराम देईल असं काही हवंय. ऑनलाइन ‘सोपी पकड’ असं लिहिलेला आठ वस्तूंचा संच दिसला : सोलाणं, किसणी, झाकण उघडायचं साधन, पिझ्झा कापायचं चाक वगैरे. तो घ्यावा का? आणि ती स्वभावाने मानी आहे. ‘पेशंटसाठी आणलंय’ असं तिला वाटता कामा नये.

निफाडचा_नाना

ताई, पैसे वाया घालवू नका. मऊ रबरी चेंडू द्या, दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगा. पकड गेली म्हणजे स्नायू ढिले पडले, ते बळकट केले की डबेही उघडतील आणि कुकरही उचलेल. माझ्या मेव्हण्याचा हात मोडला होता, प्लास्टर काढल्यावर चेंडूनेच पूर्ववत झाला. सोबत भांडी बाजारातून तांब्याचं कडं घ्या. आपल्या नाशिकइतकं चांगलं तांबं कुठे मिळणार?

देवळालीकर

माझ्या वडिलांना संधिवात आहे, त्यांना आम्ही न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा लावून घेतला आणि कमोडवर उंच सीट बसवली. फार सोय झाली. उठताना हात टेकायला आधार मिळतो. भेट म्हणून हे उत्तम.

शुभांगी_प

देवळालीकर, धन्यवाद. पण तिचे गुडघे ठणठणीत आहेत, रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जाते. प्रश्न फक्त हातांचा आहे.

हस्तमुद्रा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नाशिक रोडला हातांच्याच रुग्णांबरोबर काम करते. शुभांगीताई, संच घ्यायच्या आधी थोडं थांबा.

नानांच्या बोलण्यात अर्धी गोष्ट बरोबर आहे. प्लास्टरमधून निघालेल्या हाताचे स्नायू अशक्त झालेले असतात, पण सांधा शाबूत असतो. तिथे चेंडू उपयोगी पडतो. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत उलटं आहे. स्नायू जोर लावू शकतात, पण जोर लावला की सांधाच दुखतो, म्हणून हात आपोआप सैल पडतो. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एखादी वस्तू चिमटीत धरली, की टोकांवर जेवढा जोर असतो त्याच्या सुमारे बारापट दाब अंगठ्याच्या मुळाशी पडतो. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर मुळाशी बारा किलो. झिजलेल्या सांध्यावर चेंडू शंभर वेळा दाबणं म्हणजे हाच दाब शंभर वेळा देणं. व्यायाम असतात, पण हलके, बेताचे आणि हात बघून ठरवलेले. ते भेट म्हणून देऊ नयेत.

तांब्याच्या कड्याच्या नीट चाचण्या झाल्या आहेत. खोट्या कड्यापेक्षा त्याने जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. दागिना म्हणून आवडत असेल तर जरूर घालावं.

आता संचाबद्दल. ‘सोपी पकड’ हा शब्द फार सैल आहे. अंगठ्याच्या मुळाला तीन गोष्टी त्रास देतात : चिमटीत धरणं, पिळणं आणि एका हाताने जड उचलणं. त्यातली कोणती तिच्या घरात सगळ्यात जास्त वेळा होते, यावर भेट ठरते. पिझ्झाचं चाक कदाचित वर्षात एकदाही बाहेर निघणार नाही. तुम्ही एकदा तिच्याकडे जा, चहा आणि पोळ्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहा आणि फक्त बघत राहा. कुठे तिचा चेहरा बदलतो, कुठे दुसरा हात मदतीला येतो, कुठे ती हाक मारून कुणालातरी बोलावते, कोणती वस्तू तिने वापरणंच सोडलंय. विचारू नका. विचारलं तर ‘काही नाही गं, चालतंय’ हेच उत्तर येईल.

केतकी_सिडको

मी चौतीस वर्षांची आहे आणि मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड. माझ्या वाढदिवसाला प्रत्येक जण काहीतरी साधन देतो, त्यातलं निम्मं माळ्यावर आहे. कारण लोकांना वाटतं सगळ्यांचा संधिवात सारखाच. माझा अंगठा ठीक आहे, बोटांचे मधले सांधे आणि पेरं सुजतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठच वळत नाही. थंडीत तर दहा वाजेपर्यंत. मला जाड मूठही धरता येत नाही त्या वेळी. मला सगळ्यात उपयोगी पडलेली भेट कोणती तर इलेक्ट्रिक किटली. सकाळी चहाचं पातेलं उचलावं लागत नाही, फक्त कळ दाबायची. तीही छोटी, अर्ध्या लिटरची.

हस्तमुद्रा

केतकी, तू लिहिलंस ते सगळ्यांनी वाचावं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात ओसरत असेल तर बहुतेक वेळा झिजेचा प्रकार असतो. तासाहून जास्त राहत असेल, दोन्ही हातांची पेरं सुजून गरम लागत असतील तर साधनांच्या आधी संधिवाततज्ज्ञाकडे जायला हवं, कारण आमवातात औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं. शुभांगीताईंच्या मैत्रिणीचा एक्स-रे झालाय म्हणून मी इथे झिजेचंच धरून लिहितेय.

सुमनताई_पंचवटी

मी बहात्तर वर्षांची. माझेही अंगठे असेच आहेत, मुळाशी हाड पुढे आल्यासारखं दिसतं. माझं एकच सांगणं आहे, सुरी आणि चॉपिंग बोर्ड काही देऊ नका, पाटावरची विळी द्या. सुरी मुठीत आवळून धरावी लागते. विळीचं पातं जागेवर स्थिर असतं, दोन्ही तळहातांनी भाजी पुढे ढकलायची. मी भोपळासुद्धा विळीवर चिरते. ओट्याला अडकवायची विळीही मिळते, खाली बसावं लागत नाही.

शुभांगी_प

काल जाऊन आले. हस्तमुद्राताई, तुम्ही म्हणालात तसं गप्प उभी राहून पाहिलं. खरंच कितीतरी गोष्टी मला इतक्या वर्षांत दिसल्या नव्हत्या.

सिंकचा नळ गोल मुठीचा आहे, जुना, घट्ट. तो ती उघडाच ठेवते, बारीक धार सुरू. मी बंद करायला गेले तर म्हणाली, राहू दे. पाण्याच्या बाबतीत इतकी काटकसरी असलेली बाई नळ सुरू ठेवते, म्हणजे केवढं दुखत असेल.

दूध तापलं तेव्हा पातेलं सांडशीने धरून उतरवलं, पण मधेच टेकवलं, हात बदलला. कुकर झाल्यावर आतले डबे काढायला तिने मुलाला हाक मारली. पीठ तिने आधीच मळून ठेवलं होतं. पोळ्या मात्र सहज लाटते, लाटणं तळहाताखाली फिरतं. मसाल्याच्या डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, वर ताटली झाकलेली. लिंबू पिळायच्या वेळी लिंबाऐवजी आमचूर घातला. शेवटी ओटा पुसून फडकं न पिळता तसंच वाळत टाकलं.

चिरणं तिला तितकं कठीण जात नाही असं वाटलं. तिची सुरी जुनी, लाकडी जाड मुठीची आहे आणि धार छान आहे.

हस्तमुद्रा

शुभांगीताई, हे फार चांगलं निरीक्षण आहे. यावरून भेट जवळजवळ ठरते.

तिचं लाटणं ठीक चाललंय कारण त्यात चिमूट नाही, तळहाताचा जोर खांद्यातून येतो. चिरणं ठीक आहे कारण मूठ जाड आणि पातं धारदार आहे. ही दोन कामं तिच्या हाताने स्वतःच सोडवली आहेत, त्यांना हात लावू नका. म्हणजे सोलाणं, सुरी, पोळी करायचं मशीन हे सगळं बाद.

राहिला नळ, सांडशी, कुकरचे डबे, झाकणं, लिंबू आणि फडकं. यात सगळ्यात जास्त वेळा हात कशाला लागतो? नळाला. दिवसातून तीस-चाळीस वेळा. गोल मुठीचा नळ बंद करणं म्हणजे चिमूट आणि पीळ दोन्ही एकदम. म्हणून माझ्या मते तुमची पहिली भेट नळ. लांब दांडीचा, पाव फेऱ्यात उघडबंद होणारा. तो मनगटाच्या बाजूने किंवा हाताच्या मागच्या भागानेही ढकलता येतो, बोटं लागतच नाहीत. घेताना दुकानात एक करून पाहा : मूठ बंद करून, फक्त मुठीच्या बाजूने दांडी हलवा. हलली तर चांगला, बोटं उघडावी लागली तर दुसरा पाहा. दांडी आखूड आणि गुळगुळीत गोल असेल तर उपयोग कमी.

दुसरं सांडशी. आपल्याकडे सगळ्यात अवघड साधन हेच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पातेलं उतरवेपर्यंत सांडशी सतत आवळून धरावी लागते, त्यावर पातेल्याचं वजनही एका बाजूने लोंबतं. त्यात दोन लिटर दूध असेल तर नुसत्या दुधाचं वजन दोन किलोहून जास्त. जाड मुठीची सांडशी आणली तरी आवळणं सुटत नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना कान असलेलं पातेलं आणि हातात घालायचे सिलिकॉनचे मोजे. मग दोन्ही तळहातांनी, कोपरं अंगाजवळ ठेवून उचलायचं.

सुमनताई_पंचवटी

उचलायचंच कशाला? मी दूध गॅसवरच ठेवते आणि ओगराळ्याने काढते. उभ्या दांड्याचं ओगराळं असतं ना, त्यात अंगठा दाबावा लागत नाही, दांडा मुठीत राहतो. आमटीही तशीच वाढते. भांडी बाजारात अजून मिळतात, पितळी नको, जड होतं, स्टीलचं घ्या.

हस्तमुद्रा

सुमनताई, अगदी योग्य. जड भांडं हलवण्यापेक्षा त्यातलं थोडं थोडं काढून घेणं केव्हाही बरं. दांडा मात्र बारीक सळीसारखा असतो, तो जाड करून घ्यावा लागेल.

सातपूरकर

दांडा जाड करायचा असेल तर मी सांगतो, आमच्या वर्कशॉपमध्ये हे रोजचं आहे. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळा रबरी फोम चढवलेला असतो ना, त्याचीच नळी सुटी मिळते. एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मागा. साधारण दोन मीटरची लांब नळी येते, स्वस्त असते, एका नळीत घरातले सगळे दांडे होतील.

माप असं काढा. ओगराळ्याचा दांडा समजा दहा मिलिमीटरचा आहे. आतलं भोक दहाचं आणि भिंत तेरा मिलिमीटर जाडीची असलेली नळी घेतली, तर दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून सव्वीस आणि आतले दहा, एकूण छत्तीस मिलिमीटर जाडीची मूठ झाली. भिंत नऊची घेतली तर अठ्ठावीस. दांड्याला साबणाचं पाणी लावायचं आणि पिळत पिळत चढवायची, वाळली की घट्ट बसते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. हा फोम आचेजवळ नको, म्हणून दांड्याचा वरचाच भाग झाका, भांड्यात जाणारा नाही. आणि सुरीवर अजिबात चढवू नका. फोम मऊ असल्याने आतली मूठ त्यात फिरते, पातं कुठल्या बाजूला वळेल सांगता येत नाही. सुरीसाठी बॅडमिंटनची चिकट ग्रिप घ्या, ती थरावर थर गुंडाळता येते. टॉवेलसारखी घेऊ नका, ती पाणी धरते.

केतकी_सिडको

सातपूरकरदादा, हा फोम मी टूथब्रशला आणि कंगव्याला लावलाय, फार आराम. पण जास्त जाड केला तर उलटं होतं. माझा हात लहान आहे, छत्तीसची मूठ मला धरताच येत नाही. किती जाड हवी ते कसं ओळखायचं?

हस्तमुद्रा

आधी फोम विकत घेऊच नका. दांड्याला जुनं फडकं गुंडाळा, वर रबरबँड, आणि दोन दिवस वापरू द्या. मग थोडं कमी-जास्त करून पाहा. मूठ वळल्यावर अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं एकमेकांजवळ येतात, पण चढत नाहीत, ती जाडी बहुतेकांना बरी पडते. बायकांच्या हाताला साधारण तीस ते पस्तीस मिलिमीटर. जी आवडेल ती पट्टीने मोजायची आणि तेवढी नळी आणायची. फोम महिन्यातून एकदा काढून धुवावा, टोकांतून ओलावा शिरतो आणि वास येऊ लागतो. वास गेला नाही तर तुकडा फेकून नवा चढवायचा.

जाड मुठीचं एक जुनं उदाहरण सांगते. अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सीला, हातांचा संधिवात होता. बारीक धातूच्या मुठीचं सोलाणं तिला दुखायचं. त्यावरून त्यांनी 1990 मध्ये जाड, मऊ रबरी मुठींची स्वयंपाकघरातली साधनं बाजारात आणली, ऑक्सो या नावाने. ती रुग्णांच्या दुकानात ठेवली नाहीत, सर्वांसाठीच विकली, आणि ज्यांचे हात धडधाकट होते त्यांनाही ती आवडली. शुभांगीताई, तुमच्या मैत्रिणीच्या मानी स्वभावाचं उत्तर मला यात दिसतं. जी वस्तू घरातल्या प्रत्येकाला वापरावीशी वाटते, ती कुणा एकीच्या दुखण्याची राहत नाही.

निफाडचा_नाना

मला बारापटीचं माहीत नव्हतं. पण मग झाकणांचं काय? आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडायला घरात माझाच नंबर लागतो.

हस्तमुद्रा

नाना, बाजारातल्या काचेच्या बरणीचं झाकण घट्ट वाटतं ते आत पोकळी असते म्हणून. चमच्याच्या बोथट कडेने झाकणाची कड एका जागी हलकेच उचकटायची, ‘टक’ असा आवाज आला की हवा आत गेली. मग रबरी जाळीचा तुकडा वर ठेवून उघडा तळहात त्यावर दाबायचा आणि कोपरापासून फिरवायचं. जाळीचा दुसरा तुकडा बरणीच्या खाली. कप्प्यांत अंथरायला मिळते तीच जाळी.

फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायचं व्ही आकाराचं दातेरी साधनही असतं. झाकण त्यात अडकवायचं आणि बरणी दोन्ही हातांनी फिरवायची. ते चांगलं चालतं, पण वर लाकडी फळी किंवा ट्रॉलीचं कपाट असेल तरच. फक्त कडाप्पा असेल तर बसवता येत नाही.

स्टीलच्या डब्यांची गोष्ट निराळी. मिसळणाचा डबा गरम ओट्यावर ठेवला, थंड झाला, की झाकण बसून जातं. तिने ताटली झाकली ते उत्तमच आहे. नवा द्यायचा तर वरती मोठी मूठ असलेला, झाकण सैल बसणारा लाकडी डबा द्या. बटण दाबून उघडणारे प्लास्टिकचे डबे मात्र दुकानात स्वतः दाबून पाहा, काहींना अंगठ्याचाच जोर लागतो. तळहाताच्या टाचेने दबलं तर घ्या.

सुमनताई_पंचवटी

कुकरच्या डब्यांचं कुणी सांगितलं नाही. मला तेच सगळ्यात नडतं. वाफ, खोल भांडं, आणि सांडशी.

सातपूरकर

कुकरमध्ये ठेवायची डब्यांची चळत मिळते, उभ्या चौकटीत अडकवलेली, वर कडी असते. तिन्ही डबे एकदम वर येतात.

हस्तमुद्रा

ती चळत चालते, पण भरलेले तीन डबे एका कडीवर म्हणजे वजन एका हाताला. दोनच डब्यांची घ्यावी, आणि कडीत जाड लाकडी दांडा अडकवून दोन्ही हातांनी उचलावी. वाफ गेल्यावर दहा मिनिटं थांबायचं.

देवळालीकर

आतल्या झाकणाचा कुकर बरा की बाहेरच्या? आमच्याकडे वडिलांना चहा-भात स्वतः करायचा असतो, त्यांचीही बोटं ताठरली आहेत.

केतकी_सिडको

मला आतल्या झाकणाचा जमत नाही. झाकण तिरकं आत घालायचं, मनगट वळवायचं, मग दांडी दाबून कडी अडकवायची.

सुमनताई_पंचवटी

मला उलट तोच जमतो. बाहेरच्या झाकणाच्या दोन दांड्या एकमेकींवर आणायला जोर लागतो, रबर नवीन असेल तर फारच.

हस्तमुद्रा

याचं एक उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांतही दोन्ही बाजूंच्या आहेत. बाहेरच्या झाकणाला रबरावर तेलाचं बोट फिरवलं तर फिरणं हलकं होतं. दुकानदाराला सांगून दोन्ही उघडून-लावून पाहावेत, आणि ज्याला वापरायचाय त्यालाच न्यावं. लांब एका दांडीपेक्षा दोन्ही बाजूंना आखूड कान असलेला, तीन लिटरपर्यंतचा कुकर मी सुचवते.

सुमनताई, विळीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. दोन्ही तळहातांनी ढकलायचं हे तुमचं बरोबर. पण बारीक चिरताना शेवटचा तुकडा चिमटीतच धरावा लागतो, आणि पकड अचानक सुटली तर पातं समोर असतं.

सुमनताई_पंचवटी

शेवटचा तुकडा मी टाकून देते किंवा आमटीत घालते. इतकी वर्षं चिरतेय, हात कापलेला नाही. ज्यांना विळीची सवय आहे त्यांच्या हातातून ती काढू नका.

शुभांगी_प

आम्ही चौघींनी मिळून ठरवलं आणि शनिवारी मेन रोड आणि भांडी बाजार पालथा घातला.

नळ आधी घेतला. मूठ बंद करून दांडी ढकलायची परीक्षा दुकानातच केली, आधीचे दोन बाद झाले. तिच्या मुलाला सांगून ठेवलंय, ती सकाळी फिरायला गेली की प्लंबर येऊन बसवून जाईल. दोन लिटरचं दोन कानांचं जाड बुडाचं पातेलं, सिलिकॉनचे मोजे, स्टीलचं ओगराळं आणि दोन डब्यांची चळत घेतली. लाकडी मिसळणाचा डबा इतका सुंदर मिळाला की आम्हा दोघींनी स्वतःसाठीही घेतला. तिला दिसेल की आमच्याकडेही तोच आहे. प्लंबर धरून तीन हजारांच्या किंचित वर गेलं.

लिंबासाठी लांब दांड्यांची पिळणी घेणार होते. दुकानात दाबून पाहिली तर उघडल्यावर दोन दांड्यांतलं अंतर माझ्याच हाताला जड गेलं. तिला जमेल का?

हस्तमुद्रा

मुठीत मावत नसेल तर नको. दांड्या लांब असतील तर जोर कमी लागतो, पण हात जास्त फाकवावा लागतो, आणि अंगठा फाकवणं हेच तिला दुखतं. काचेची किंवा स्टीलची घुमटाची पिळणी घ्या, जी ओट्यावर ठेवून अर्धं लिंबू वरून तळहाताने दाबून फिरवतात. खाली रबरी जाळी ठेवा म्हणजे दुसऱ्या हाताने धरावी लागत नाही. लिंबू आधी तळहाताखाली ओट्यावर लाटून घेतलं की रस लवकर सुटतो. लाटणं तिला छान जमतंच.

केतकी_सिडको

आणि फडकं? तेच राहिलं. मी फडकं नळाच्या तोटीभोवती अडकवते, दोन्ही टोकं एकत्र धरून एकाच दिशेला गोल फिरवते. जोर नळावर जातो.

सातपूरकर

केतकीताई, नवीन नळाला ते करू नका, तोटी सैल होऊन बुडातून पाणी गळायला लागतं. भिंतीतून येणारा नळ असेल तर एकवेळ चालेल, सिंकवर उभा बसवलेला असेल तर नाही.

हस्तमुद्रा

दादांशी सहमत. फडकं पातळ सुती घ्यायचं, टर्किशचं नाही, आणि सिंकच्या उतरत्या बाजूवर पसरून दोन्ही तळहातांनी दाबून पाणी काढायचं. पूर्ण कोरडं होणार नाही, पण पिळावंही लागणार नाही. फरशीसाठी दांडा खालीवर करून पाणी झटकणारी बादली आहे, तीही एकदा हाताळून पाहा.

शुभांगी_प

नळ उभा आहे की भिंतीतला ते मी बघितलंच नाही. मुलाला फोटो पाठवायला सांगते, आम्ही घेतलेला नळ तिथे बसणारा नसेल तर दुकानातून बदलून आणावा लागेल. बिल जपून ठेवलंय.

सातपूरकर

फोटोत नळाच्या खालचा भागही घ्यायला सांगा. भिंतीतला असेल तर आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात, जुन्या नळाच्या दांड्याची लांबी मोजून ठेवा म्हणजे तोटी सिंकच्या मध्यावर येते की नाही ते कळेल. कडेला आली तर भांडं धरून तिरकं उभं राहावं लागेल, आणि तुम्ही वाचवलेला सगळा त्रास मनगटाला परत मिळेल.